इरेक्ट फिल्मवर पाच फ्लुइड लेव्हल. ऑब्स्ट्रक्शन म्हणायचं की गॅस्ट्रो?

कुर्ला_इंटर्न
सर्जरी पोस्टिंग चालू आहे, कॅज्युअल्टीत रात्रपाळी. एका पेशंटची फिल्म नीट समजून घ्यायची आहे. पेशंट युनिटखाली भरती आहे आणि उपचारांचे निर्णय झालेले आहेत, त्यामुळे उपचार विचारत नाही, वाचन विचारते आहे. ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही.

बाई साठीच्या पुढच्या, बारीक, वजन साधारण 45 किलो. तीन दिवसांपासून पोटात कळ येते आणि जाते. पहिल्या दिवशी दोनदा पातळ शौचाला झालं. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, आधी खाल्लेलं पडलं, मग हिरवट पाणी. पोट थोडं फुगलेलं पण मऊ. पोटावर ऑपरेशनचा व्रण नाही. सकाळी थोडा वारा सरला असं सांगतात. नाडी 108, बीपी 110/70, पोटॅशियम 3.1.

फिल्म फक्त इरेक्ट. डायफ्रामखाली मोकळी हवा नाही. डावीकडे वर जठराची मोठी लेव्हल आहे, ती सोडून मध्यभागी पाच लेव्हल, प्रत्येक दोन-तीन सेंटीमीटर रुंद. त्यातल्या दोन एकाच लूपच्या दोन टोकांना वाटतात आणि त्यांची उंची वेगळी आहे. पावसाळा असल्यामुळे त्या रात्री जुलाब-उलट्यांचे पेशंट रांगेने येत होते आणि फिल्म पाहून दोघांनी "गॅस्ट्रो" असंच म्हटलं.

प्रश्न असा, की किती लेव्हल असल्या की ऑब्स्ट्रक्शन म्हणायचं? आणि इरेक्ट हातात असताना रजिस्ट्रार सरांनी "आधी सुपाइन आण" असं का सांगितलं?

पीजी_तयारी
सोपं आहे. मोठ्या माणसात तीनपेक्षा जास्त लेव्हल म्हणजे ऑब्स्ट्रक्शन. शिवाय पायऱ्यांसारख्या वेगवेगळ्या उंचीवर असतील तर मेकॅनिकल, सगळ्या एका रेषेत असतील तर पॅरालिटिक इलियस. तुझ्या पेशंटमध्ये पाच आहेत आणि उंची वेगळी, म्हणजे मेकॅनिकल. पण पोटॅशियम 3.1 असल्यामुळे पॅरालिटिकही म्हणता येईल. एमसीक्यूमध्ये आलं तर मी मेकॅनिकलवर खूण करेन.

स्वल्पविराम
परीक्षेत खूण करता येते, कॅज्युअल्टीत ओपीडी पेपरवर सही करावी लागते. 🙂

फिल्मवाली
पीजी_तयारी, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे पेशंट चुकीच्या वॉर्डात जाऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

लहान आतड्यात एरवी हवा फार कमी असते. आपण गिळलेली हवा तिथे थांबत नाही, पुढे सरकत राहते. एक-दोन छोट्या लेव्हल निरोगी माणसातही दिसतात, विशेषतः ड्युओडेनमच्या सुरुवातीला आणि टर्मिनल इलियममध्ये. लेव्हल दिसायला दोनच गोष्टी लागतात, हवा आणि पाणी एका पोकळीत एकत्र असणं. ती अवस्था अडथळ्याने येते तशीच जुलाबाने येते, आतडं सुस्तावल्यानेही येते. एनिमा दिल्यावर मोठ्या आतड्यात तर सर्रास दिसतात. म्हणून "तीनपेक्षा जास्त" हा आकडा शंका घेण्यासाठी चांगला आहे, निदान करण्यासाठी नाही.

एकाच लूपच्या दोन टोकांना वेगळी उंची हे चिन्ह मोजणीपेक्षा वजनदार आहे. आतडं आकुंचन पावून पाणी एका बाजूला ढकलतं आहे असा त्याचा अर्थ लागतो. फरक दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि लेव्हल अडीच सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल तर माझी शंका बरीच वाढते. पण इलियसमध्येही असमान लेव्हल मी नाकारणार नाही, आणि सगळ्या एका रेषेत आहेत म्हणून अडथळा नाही असंही लिहिणार नाही.

आता सुपाइन का? लेव्हल सांगते की पाणी आणि हवा आहे. आतडं किती फुगलंय, कोणतं फुगलंय आणि फुगवटा कुठे संपतो, हे सुपाइन सांगते. पेशंट उताणा झोपला की हवा वर येऊन पोटाच्या पुढच्या भागातल्या लूपमध्ये पसरते आणि त्या लूपची पूर्ण रूपरेषा दिसते. उभ्या फिल्ममध्ये लूप खाली ओघळतात, एकमेकींवर चढतात आणि अर्ध्या पाण्यात बुडालेल्या असतात. ऑब्स्ट्रक्शनचं निदान रुंदीवर उभं आहे, लेव्हल त्याला आधार देतात.

सुपाइन फिल्म काढली होती ना? त्यात काय दिसलं ते लिहा.

कॅसेट काका
मी टेक्निशियन, त्यामुळे निदानावर बोलत नाही. पण फिल्म कशी काढली ते न विचारता ती वाचू नये, एवढं सांगतो.

लेव्हल दिसायला किरण आडवा जायला हवा. काचेच्या ग्लासातलं पाणी बाजूने पाहिलं तरच पातळीची रेघ दिसते, वरून दिसत नाही. म्हणजे झोपवून वरून मारलेल्या फिल्ममध्ये लेव्हल दिसणारच नाही. "लेव्हल नाहीत, नॉर्मल" असा शेरा सुपाइन फिल्मवर लिहिलेला वाचला की वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे वेळ. स्ट्रेचरवरून उठवून लगेच एक्सपोजर दिलं तर हवा-पाणी वेगळं व्हायला अवधी मिळत नाही, आणि मोकळी हवा डायफ्रामखाली पोचत नाही. निदान पाच, जमल्यास दहा मिनिटं उभं किंवा ताठ बसवून ठेवायला हवं. म्हातारं माणूस उभं राहत नसेल तर मागे रेलून बसवलेल्या फिल्मवर "इरेक्ट" लिहू नका. किरण आडवा राहिला नाही तर रेघ पुसट होते. त्यापेक्षा डाव्या कुशीवर झोपवून आडव्या किरणाने घ्या. मोकळी हवा असलीच तर लिव्हरच्या कडेला दिसते. त्यासाठीही कुशीवर तेवढीच मिनिटं ठेवा.

तिसरं, सुपाइनमध्ये खाली प्यूबिक सिम्फिसिस पूर्ण यायला हवा. पोट मोठं असेल तर दोन फिल्म घ्या, पण खालचा भाग कापू नका. फॉर्मवर नुसतं "एक्स-रे अ‍ॅब्डोमेन" न लिहिता "सुपाइन, सिम्फिसिससह" असं लिहून पाठवलं तर आमचंही काम नीट होतं.

कुर्ला_इंटर्न
काका, धन्यवाद. आमची इरेक्ट फिल्म सिम्फिसिसच्या वरच संपली होती.

सुपाइनमध्ये दिसलं ते असं. पोटाच्या मध्यभागी चार लूप, एकमेकींना चिकटून आडव्या. आतल्या घड्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पूर्ण जाताना दिसतात. खालच्या उजव्या लूपमध्ये घड्या जवळजवळ नाहीतच, गुळगुळीत आहे. कडेने मोठ्या आतड्यात हवा अगदी थोडी, रेक्टममध्ये एक छोटा बुडबुडा. पट्टी लावून सर्वांत रुंद लूप 2.4 सेंटीमीटर भरली. मर्यादा तीनची आहे ना? मग ही डायलेटेड म्हणायची का?

फिल्मवाली
पट्टी कशाला लावली? मॉनिटरवर मोजपट्टीच्या साधनाने, की प्रिंट केलेल्या फिल्मवर?

कुर्ला_इंटर्न
प्रिंटवर. आमच्याकडे कॅज्युअल्टीत प्रिंटच येते.

कॅसेट काका
मग 2.4 खरे नाहीत. डिजिटल फिल्म 14 बाय 17 इंचांच्या डिटेक्टरवर घेतली तरी खर्च वाचवायला 10 बाय 12 किंवा त्याहून लहान फिल्मवर छापतात. चित्र आक्रसतं. दोन-तृतीयांश आकारात छापलं असेल तर तुमचे 2.4 म्हणजे मूळचे 3.6. काही प्रिंटच्या कोपऱ्यात किती टक्के लहान केलं ते किंवा सेंटीमीटरची पट्टी छापलेली असते, ती पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर तर काहीच मोजू नका.

फिल्मवाली
काकांनी नेमकं सांगितलं. लहान आतडं तीन, मोठं सहा, सीकम नऊ सेंटीमीटर, या मर्यादा खऱ्या मापाच्या आहेत. प्रिंटवरच काम भागवायचं असेल तर त्याच फिल्ममधल्या हाडाशी तुलना करा, कारण हाडही त्याच प्रमाणात आक्रसलेलं असतं. मोठ्या माणसात लंबर मणक्याच्या बॉडीची उंची साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर असते. लूप त्या उंचीपेक्षा स्पष्टपणे रुंद असेल तर ती फुगलेली समजा. एक सावधगिरी. साठीच्या पुढच्या बाईंमध्ये ऑस्टिओपोरोसिसने मणका दबलेला असू शकतो, म्हणून दोन-तीन मणके पाहून चांगला निवडा.

घड्या पूर्ण आडव्या जातात म्हणजे ते जेजुनम. उजवीकडची गुळगुळीत लूप बहुधा इलियम. जसजसं खाली जावं तशा घड्या विरळ होतात, त्यामुळे गुळगुळीत दिसली म्हणून तिला मोठं आतडं समजू नका. मोठ्या आतड्याच्या हॉस्ट्राच्या खाचा सहसा पूर्ण आरपार जात नाहीत आणि ते कडेने चौकट धरतं.

मणक्याशी तुलना करून सांगा.

कुर्ला_इंटर्न
तिसऱ्या लंबर मणक्याच्या उंचीच्या जवळजवळ दीडपट.

फिल्मवाली
मग मध्यभागी फुगलेलं लहान आतडं आणि जवळजवळ रिकामं मोठं आतडं. हे चित्र लहान आतड्याच्या अडथळ्याचं आहे. गॅस्ट्रोमध्ये लेव्हल येतात, पण मोठ्या आतड्यातही हवा-पाणी असतं आणि लहान आतडं एवढं फुगलेलं सहसा नसतं. इलियसमध्ये जठरापासून रेक्टमपर्यंत सगळीकडे हवा पसरलेली असते.

रेक्टममधल्या एका बुडबुड्यावर विसंबू नका. अडथळा होण्याआधी खाली असलेली हवा आणि मळ रिकामं व्हायला वेळ लागतो. अडथळा अर्धवट असेल तर थोडी हवा निसटत राहते. आणि फिल्मच्या आधी पीआर केलं असेल तर बोटासोबतही हवा आत जाते.

निशाचर_रजिस्ट्रार
फिल्मवाली ताईंचं सगळं मान्य. पण इतके प्रतिसाद झाले आणि एक प्रश्न कोणी विचारला नाही. पोटावर व्रण नाही, म्हणजे चिकटलेल्या आतड्याची शक्यता कमी. मग जांघ पाहिली का? साडी, परकर बाजूला करून, दोन्ही बाजू, उजेडात?

पीजी_तयारी
हर्निया असता तर पेशंटने सांगितलं नसतं का? आणि पोटॅशियमचं काय? 3.1 ला इलियस होतोच.

निशाचर_रजिस्ट्रार
नाही सांगत. फेमोरल हर्निया लिंबाएवढा किंवा त्याहून लहान असतो, अडकला तरी जागेवर फार दुखतोच असं नाही, खोकल्यावर हलतही नाही. बाईंना पोट दुखतंय, त्या पोटच दाखवणार. कपड्याखालची गाठ त्यांना स्वतःलाही माहीत नसते. वयस्क, बारीक बाई, व्रण नसलेलं पोट आणि लहान आतड्याचा अडथळा, या चार गोष्टी एकत्र आल्या की मी फिल्म बाजूला ठेवून आधी जांघ पाहतो. प्यूबिक ट्यूबरकलवर बोट ठेवायचं आणि त्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला चाचपायचं. इंग्वायनल हर्नियाची मान त्याच्या वर आणि आतल्या बाजूला लागते.

पोटॅशियमबद्दल. दोन दिवस उलट्या झालेल्या कोणत्याही माणसाचं पोटॅशियम कमी येईल. ते अडथळ्याचा परिणाम असू शकतं. 3.1 आकडा पाहून "पॅरालिटिक" लिहिलं की विचार तिथेच थांबतो. पोटॅशियम भरून काढा, पण निदान त्याच्या डोक्यावर टाकू नका. आणि पॅरालिटिकमध्ये पोट सहसा सतत जड आणि शांत असतं. हिची कळ येते आणि जाते.

डोंबिवलीकर
आईच्या सोनोग्राफीत "एक्सेसिव्ह बॉवेल गॅस" असं लिहून आलंय. म्हणजे तिलाही ऑब्स्ट्रक्शन आहे का? तिला जेवल्यावर ढेकर येतात, बाकी ठीक आहे. एक्स-रे काढून घेऊ का?

फिल्मवाली
डोंबिवलीकर, तो शेरा बहुतेक वेळा "हवेमुळे आतलं नीट दिसलं नाही" एवढंच सांगतो. खाणं, शौच, वारा सगळं चालू असेल तर त्या शेऱ्यावरून एक्स-रे काढायची गरज नाही. ढेकरांसाठी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. पोट फुगून कळा, हिरव्या उलट्या आणि शौच-वारा बंद असं एकत्र झालं तर मात्र सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठा.

डोंबिवलीकर
बरं वाटलं ऐकून. धागा वाचत राहतो.

कुर्ला_इंटर्न
निशाचर सर, सुपाइन फिल्म पाहून आमच्या रजिस्ट्रार सरांनी तेच केलं. उजव्या जांघेत ट्यूबरकलच्या खाली-बाहेर साधारण दोन सेंटीमीटरची घट्ट गाठ होती. दाबल्यावर थोडं दुखलं, आत गेली नाही, खोकल्यावर हलली नाही.

पण माझं एक अडतं. अडकलेला हर्निया असेल तर पातळ शौच आणि सकाळी वारा कसा?

निशाचर_रजिस्ट्रार
दोन कारणांनी. सुरुवातीला अडथळ्याच्या खालचं आतडं रिकामं होताना एक-दोनदा शौचाला होऊ शकतं. आणि दुसरं, फेमोरल रिंग अरुंद असल्यामुळे कधी कधी पूर्ण लूप न अडकता भिंतीचा एकच भाग पकडला जातो, तो रिश्टर हर्निया. पोकळी पूर्ण बंद होत नाही, म्हणून थोडं पुढे जात राहतं. पकडलेल्या भागाचा रक्तपुरवठा मात्र तुटू शकतो. अशा पेशंटला "वारा सरतोय" म्हणून थांबवणं सर्वांत धोक्याचं.

ती गाठ दाबून आत ढकलायचा प्रयत्न कॅज्युअल्टीत कोणी करू नये. काळं पडलेलं आतडं पोटात परत गेलं तर ते सापडेपर्यंत उशीर होतो.

कुर्ला_इंटर्न
ऑपरेशनमध्ये तेच निघालं. इलियमच्या भिंतीचा भाग अडकला होता. सोडवून गरम ओल्या मॉपमध्ये ठेवल्यावर रंग परत आला, आतडं कापावं लागलं नाही.

स्वल्पविराम
वा! हे वाचून जीव भांड्यात पडला.

उपनगरी_सीएमओ
धागा छान चाललाय, पण उलट बाजूही लिहायला हवी. फिल्म ऑब्स्ट्रक्शनसारखी दिसते तेव्हा आपण सावध असतो. फिल्म साधी दिसते आणि आत अडथळा असतो, तिथे पेशंट घरी जातो.

असं तीन परिस्थितींत होतं. लूप पूर्ण पाण्याने भरल्या असतील आणि हवाच नसेल तर लेव्हल कशाची दिसणार? फिल्म राखाडी, रिकामी दिसते. तिथे घड्यांच्या मध्ये अडकलेले हवेचे बारीक थेंब तिरक्या माळेसारखे दिसतात का ते शोधा. ते दिसले तर पाण्याने भरलेलं, फुगलेलं लहान आतडं समजा. दुसरं, अडथळा अगदी वर, जेजुनमच्या सुरुवातीला असेल तर सगळं उलटीवाटे निघून जातं, फुगायला काही उरतच नाही. तिसरं, लूप दोन्ही टोकांना आवळली गेली असेल तर त्यात हवा शिरत नाही, पोट फार फुगत नाही, आणि पेशंट फिल्मच्या मानाने खूपच जास्त आजारी दिसतो.

वेदना सततची झाली, नाडी सलाईननंतरही खाली येत नाही, पोटाला हात लावू देत नाही, तर फिल्म कितीही सोज्वळ असो, सर्जनला बोलवा. स्ट्रँग्युलेशन आहे की नाही हे साधा एक्स-रे सांगत नाही. लॅक्टेट नॉर्मल आलं म्हणूनही ते नाही असं म्हणता येत नाही.

पीजी_तयारी
मग साधा एक्स-रे काढायचाच कशाला? सरळ कॉन्ट्रास्ट सीटी करावं. अडथळा आहे का, कुठे, कशाने, रक्तपुरवठा कसा, सगळं एकदम कळतं.

फिल्मवाली
सीटी उपलब्ध असेल आणि पेशंट स्थिर असेल तर माझंही मत सीटीकडे झुकतं. निदान इरेक्ट अ‍ॅब्डोमेनचा तरी हट्ट सोडावा. मोकळ्या हवेसाठी इरेक्ट चेस्ट जास्त चांगली, त्यात डायफ्राम नीट येतो आणि न्यूमोनियाही दिसतो. सुपाइन अ‍ॅब्डोमेन आणि इरेक्ट चेस्ट, एवढं पुरे.

उपनगरी_सीएमओ
ताई, इथे मी सहमत नाही. उपनगरातल्या कित्येक रुग्णालयांत रात्री सीटी नसतं. पेशंटला अँब्युलन्समधून मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं की नाही हे त्याच दोन-तीन फिल्मवर ठरतं. त्यावेळी इरेक्टमधल्या रुंद, असमान लेव्हल पाहून नवशिक्यालाही शंका येते. सुपाइनमधली साडेतीन सेंटीमीटरची लूप त्याच्या नजरेतून सुटते. इंटर्नने दोन्ही घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे.

निशाचर_रजिस्ट्रार
मी मधला. जांघेत अडकलेली गाठ सापडली तर सीटीसाठी रांगेत थांबवणार नाही, थेट थिएटरची तयारी. गाठ नाही, व्रण नाही, तर सीटी हवंच. आपल्याकडे इलिओसीकल टीबीचं स्ट्रिक्चर असू शकतं, वयानुसार सीकमची गाठ असू शकते, आणि ते फिल्मवर कळत नाही.

बालवॉर्ड_मावशी
लहान मुलांसाठी एक ओळ. तान्ह्या बाळात घड्या आणि हॉस्ट्रावरून लहान-मोठं आतडं ओळखता येत नाही आणि तीन-सहा-नऊचे आकडेही लागू नाहीत. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर फिल्म कशीही दिसो, बालशल्यचिकित्सकांना लगेच कळवा.

फिल्मवाली
मावशींना अनुमोदन. आणि मोठ्या माणसात एक सापळा आहे, तो राहिला. अडथळा मोठ्या आतड्यात असेल आणि इलिओसीकल व्हॉल्व्ह ढिला असेल तर हवा-पाणी मागे येऊन लहान आतडंही फुगतं, लेव्हल भरपूर दिसतात आणि आपण लहान आतड्याचा अडथळा म्हणून मोकळे होतो. म्हणून मधल्या लूप पाहून झाल्या की कडेने सीकमपासून फिरत जायचं आणि मोठ्या आतड्याची हवा कुठे अचानक थांबते ते पाहायचं. व्हॉल्व्ह घट्ट असेल तर उलट होतं. लहान आतडं शांत आणि सीकम एकटं फुगत जातं. बारा सेंटीमीटरच्या पुढे गेलं की फुटण्याची भीती फार वाढते. तिथे लेव्हल मोजत बसायला वेळच नसतो.

कुर्ला_इंटर्न
हे सीकमपासून फिरत जाणं मी वहीत लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न. फिल्म पाहून शंका आली आणि रजिस्ट्रार थिएटरमध्ये अडकलेत, तर तोपर्यंत इंटर्नने काय करून ठेवावं? आणि मेटोक्लोप्रमाइड देऊ का? उलट्यांसाठी तेच पहिलं हाताशी येतं.

निशाचर_रजिस्ट्रार
मेटोक्लोप्रमाइड नको. बंद दारावर आतडं अजून जोरात ढकलेल आणि कळा वाढतील. डायसायक्लोमिनही नको, कळ थोडी दबते आणि आतडं आणखी सुस्तावतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल शिरेतून, लागलं तर ट्रॅमाडॉल आमच्याशी बोलून. वेदना कमी केल्याने निदान बिघडत नाही.

तोंडाने काही नाही. 16 किंवा 18 नंबरची रायल्स ट्यूब, आणि ती घातल्यावर क्लॅम्प न करता पिशवीला जोडून खाली लटकवा. आधी सिरिंजने ओढून किती आणि कसल्या रंगाचं आलं ते लिहा. मळकट, वास येणारं आलं तर अडथळा खाली किंवा जुना आहे हे तिथेच कळतं. वयस्कर माणसाला उलटी श्वासात जाऊन जीव जातो, म्हणून ट्यूबला उशीर नको.

फोलीज घाला. रिंगर लॅक्टेट अर्धा लिटर, मग छाती ऐकून पुन्हा. या बाईंना 45 किलोला ताशी 22-23 मिली तरी लघवी व्हायला हवी. लघवी सुरू झाल्यावरच पोटॅशियम. आपली नेहमीची 10 मिलीची अँप्यूल 20 मिलीइक्विव्हॅलंटची असते, ती 500 मिलीत नीट मिसळून, साध्या शिरेतून दोन तासांपेक्षा वेगात नाही. सरळ सिरिंजने कधीच नाही. सीबीसी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स, एबीजी, ईसीजी, ब्लड ग्रुप पाठवून ठेवा.

आणि फोनवर "सर, मल्टिपल लेव्हल आहेत" एवढंच सांगू नका. व्रण आहे का, दोन्ही जांघा पाहिल्या का, वेदना येते-जाते की सतत, सुपाइनमध्ये कोणतं आतडं मणक्याच्या किती पट, ट्यूबमधून किती आलं. एवढं ऐकलं की थिएटरमधून माणूस सोडायचा की नाही ते मी ठरवू शकतो.

उपनगरी_सीएमओ
आणि पेशंट दुसरीकडे पाठवत असाल तर ट्यूब उघडी ठेवूनच अँब्युलन्समध्ये चढवा, सोबतच्या माणसाला पिशवी रिकामी कशी करायची ते दाखवा. मूळ फिल्म आणि सीडी बरोबर द्या, फोटो नव्हे. सुपाइन आणि इरेक्ट कोणती, ती किती वाजता घेतली, हे फिल्मवर मार्करने लिहा. पुढच्या डॉक्टरला सहा तासांनी तीच फिल्म पुन्हा घेऊन तुलना करायची असते.

पीजी_तयारी
इरेक्टचा मुद्दा मला अजून पटलेला नाही, पण जांघ पाहणं आणि मणक्याशी तुलना घेतली. व्रण असलेल्या पेशंटमध्ये गॅस्ट्रोग्राफिन देऊन पाहतात ना, ते कधी?

निशाचर_रजिस्ट्रार
चिकटलेल्या आतड्याची शंका आहे, पोट मऊ आहे, हर्निया नाही, स्ट्रँग्युलेशनची चिन्हं नाहीत, तेव्हाच. जठर ट्यूबने आधी पूर्ण रिकामं करून साधारण 100 मिली ट्यूबमधून देतात, ट्यूब काही वेळ बंद ठेवतात आणि पुढच्या 24 तासांत फिल्म घेतात. औषध मोठ्या आतड्यात पोचलं तर बहुतेकांचं ऑपरेशन टळतं. पण ते आतड्यात पाणी ओढतं, म्हणून सलाईन आधी भरून घ्यायचं, आणि श्वासात गेलं तर फुप्फुसाला फार वाईट. हा निर्णय युनिटचा. कॅज्युअल्टीत इंटर्नने एकट्याने द्यायचं नाही.